मीटर मागे फिरत नाही

गेल्या वर्षी जुलैच्या १८ तारखेला विजेचं बिल आलं ते ९,६१० रुपयांचं. आमच्या दोन खोल्यांत चार माणसं राहतात. एसी नाही, गिझर नाही. फ्रिज, दोन पंखे, दिवे, टीव्ही आणि आठवड्यातून तीनदा वॉशिंग मशीन, एवढाच वापर. एरवी बिल दीड हजाराच्या आसपास असतं. सासूबाईंनी बिल हातात घेतलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे आपलंच आहे का बघ." नाव आमचं होतं, ग्राहक क्रमांकही आमचाच.

मी लगेच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला: रीडिंगप्रमाणे बिल बरोबर आहे, तक्रार बंद. मग कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "मीटर फास्ट पळत असेल. मीटर तपासणीचा अर्ज करा, फी भरा, माणूस येऊन तपासेल." तो अर्ज मी जवळपास भरलाच होता. भरला असता तर काय झालं असतं हे मला नंतर कळलं, आणि हे सगळं लिहायला बसले त्याचं मुख्य कारण तेच आहे.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अप्पा राहतात. त्यांची नोकरी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात गेली, मीटर आणि मोटारी यांच्यातच आयुष्य गेलं. संध्याकाळी बिल घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी रकमेकडे पाहिलंच नाही. बिलावर जिथे चालू रीडिंग आणि मागील रीडिंग शेजारी शेजारी छापलेलं असतं तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "आज मीटरवर काय आकडा आहे?" मला माहीत नव्हतं. "मग आधी तो बघून या. बाकीचं मग बोलू."

आमची मीटरची खोली जिन्याखाली आहे. आमचा मीटर वरच्या रांगेत, डोक्याच्याही वर. मी स्टूल नेलं आणि टॉर्च लावून पाहिलं. पडद्यावर १४,३९८ असा आकडा होता. बिलावर १२ जुलैचं रीडिंग होतं १४,८६२.

म्हणजे मीटर १९ जुलैला १४,३९८ वर होता आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आठवड्यापूर्वी तो १४,८६२ वर होता. मीटर आतापर्यंतची सगळी वीज एकावर एक मोजत जातो. तो फक्त पुढे जातो, मागे येत नाही. तेव्हा आजचा आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर बिलातला आकडा खोटाच असणार, दुसरी शक्यताच नाही. मी धावत अप्पांकडे गेले. ते म्हणाले, "आता मीटर फास्ट आहे असं चुकूनही लिहू नका. मीटर चांगला आहे. तोच तुमचा साक्षीदार आहे."

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मीटर सदोष असणं ही एक तक्रार आहे आणि रीडिंग चुकीचं घेतलं जाणं ही अगदी वेगळी तक्रार आहे. मी "मीटर जास्त पळतो" असं लिहिलं असतं तर त्यांनी मीटर तपासला असता, तो बरोबर निघाला असता आणि तपासणी अहवालाच्या आधाराने ९,६१० रुपयांचं बिल कायम राहिलं असतं. म्हणजे माझ्याच अर्जाने माझी बाजू संपली असती. आणि मीटर बदलून नेला असता, तर ज्याच्या पडद्यावर पुरावा होता तो मीटरच भिंतीवर राहिला नसता.

त्या दिवसाचं रीडिंग मिळालं तरी अप्पांनी आणखी एक खात्री करून घेतली. मीटर आमचाच आहे ना? जुन्या इमारतींत दोन घरांच्या वायरी अदलाबदल झालेल्या असतात आणि एकाचा वापर दुसऱ्याच्या बिलावर वर्षानुवर्षं पडतो. त्यांनी मला घरातला मेन स्विच बंद करायला सांगितलं आणि स्वतः खाली मीटरसमोर उभे राहिले. मीटरवर एक लहान लाल दिवा असतो, वीज वापरली जात असेल तसा तो लुकलुकतो. मेन बंद केल्यावर तो थांबला, चालू केल्यावर परत लुकलुकायला लागला. मेन बंद असतानाही तो लुकलुकत राहिला असता तर कुठेतरी गळती आहे किंवा आमच्या मीटरवरून दुसऱ्याची लाइन गेली आहे असं निघालं असतं, आणि पत्र वेगळंच लिहावं लागलं असतं.

मग फोटो. पहिल्यांदा मी काढलेले फोटो निरुपयोगी होते. फ्लॅशमुळे काचेवर पांढरा डाग आला होता, आणि एका फोटोत आकडा दिसत होता पण तो कोणत्या मीटरचा हे कळत नव्हतं. त्याच संध्याकाळी पुन्हा काढले. स्टूलवर चढून पडदा डोळ्यांसमोर सरळ येईल असं उभी राहिले, फ्लॅश बंद ठेवला आणि टॉर्च बाजूने धरायला मुलाला सांगितलं. मीटरवर कोरलेला मीटर क्रमांक आणि पडद्यावरचा आकडा एकाच फोटोत आले पाहिजेत, नाहीतर त्या फोटोला अर्थ नाही. शिवाय पडद्यावर एकच आकडा नसतो. तारीख, वेळ, युनिट, कमाल मागणी असं एकेक येत जातं. त्यातला बाजूला kWh लिहिलेला आकडा तेवढा आपला, बाकीचे नव्हेत. म्हणून फोटोंखेरीज एक व्हिडिओही घेतला: सुरुवात मीटर क्रमांकापासून, मग पडद्यावरची सगळी फेरी पूर्ण होईपर्यंत हात न हलवता. त्यात मीटरची स्वतःची तारीख आणि वेळ आली. फोटो कधी काढला यावर कोणी शंका घेतली असती, तर मीटरनेच तारीख सांगितली असती.

त्या फेरीत आणखी एक आकडा होता आणि तो मला समजला नव्हता: १४,३०२. अप्पांनी व्हिडिओ थांबवून पाहिला. आमच्या मीटरमध्ये दर महिन्याच्या १ तारखेला मध्यरात्रीचं रीडिंग मीटर स्वतःच साठवून ठेवतो, ते पडद्यावर दिसत होतं. म्हणजे १ जुलैच्या मध्यरात्री मीटर १४,३०२ वर होता. हे ऐकून सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आल्या. त्या कॅलेंडरवर त्या सगळं लिहितात. दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या. आणि दर १ तारखेला सकाळी मीटरचा आकडा. मामंजी हयात असताना ते लिहायचे, त्यांच्यानंतर सासूबाईंनी ती सवय चालू ठेवली. मुलगा शाळेत जाताना खालून आकडा ओरडून सांगतो आणि त्या टिपून ठेवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. १ जुलैच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: मी. १४३०३. मध्यरात्री १४,३०२ आणि सकाळी सातला १४,३०३. त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला.

आता चूक कशी झाली हे पाहायचं होतं. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो. कागदावर तो काळपट आणि लहान दिसतो, पण कंपनीच्या संकेतस्थळावरच्या बिलात तो मोठा करून पाहता येत होता. रीडिंग घेणाऱ्याने हात उंच करून खालून फोटो काढला होता. अशा पडद्यावरचा प्रत्येक आकडा सात छोट्या रेघांनी बनतो. आठमध्ये सातही रेघा काळ्या असतात. तीनमध्ये डावीकडच्या दोन उभ्या रेघा नसतात. खालून तिरकं पाहिलं की बंद असलेल्या रेघांचीही फिकट सावली दिसते, आणि तीन आठसारखा भासतो. फोटो मोठा केल्यावर तिसऱ्या आकड्याच्या डावीकडच्या दोन रेघा फिकट आहेत हे स्पष्ट दिसत होतं. शेजारच्या सहाच्या रेघा मात्र गडद होत्या. खरा आकडा १४,३६२. एका आकड्यात ५०० युनिट वाढले होते.

हिशेबही जुळत होता. १ जुलैच्या मध्यरात्रीपासून १९ जुलैपर्यंत १८ दिवसांत ९६ युनिट, म्हणजे दिवसाला सव्वापाचच्या थोडं वर. त्या गतीने १२ तारखेला मीटर १४,३६० च्या आसपासच असायला हवा होता.

पत्राचा पहिला मसुदा मी रात्री लिहिला. दोन पानं. त्यात घरची परिस्थिती होती, मिस्टरांच्या नोकरीचं होतं, "एवढं बिल कसं शक्य आहे" असं तीन वेळा होतं. अप्पांनी वाचलं आणि म्हणाले, "हे सगळं खरं आहे, पण यातल्या एकाही वाक्यावर त्यांना सही करता येणार नाही. जो साहेब वाचणार त्याला फाइलवर टिपण लिहायचं असतं. त्याला ते टिपण लिहिता येईल असं पत्र द्या." मी ते दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि जुनी सहा बिलं काढून बसले. पत्र शेवटी असं झालं:

प्रति,
कार्यकारी अभियंता, विभागीय कार्यालय

विषय: १२ जुलैच्या चुकीच्या मीटर वाचनामुळे आलेले बिल दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ: ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलाची तारीख, दूरध्वनी तक्रारीचा क्रमांक.

महोदय,
माझ्या जुलैच्या बिलात मागील रीडिंग १४,२०६ (१२ जून) व चालू रीडिंग १४,८६२ (१२ जुलै) धरून ६५६ युनिटची आकारणी केली आहे. प्रत्यक्षात १९ जुलै रोजी मीटरवर १४,३९८ हे रीडिंग होते. मीटर क्रमांक व रीडिंग एकत्र दिसणारी छायाचित्रे सोबत जोडली आहेत. बिलातील रीडिंग त्यानंतरच्या प्रत्यक्ष रीडिंगपेक्षा ४६४ ने जास्त असल्याने ते चुकीचे आहे.

मीटरमध्ये साठवलेले १ जुलैचे रीडिंग १४,३०२ आहे. बिलावर छापलेल्या छायाचित्रात रीडिंग १४,३६२ असे दिसते; तिसरा अंक ३ ऐवजी ८ वाचला गेला आहे.

डिसेंबर ते जून या काळात मीटर १३,३१६ वरून १४,२०६ वर गेला. सहा महिन्यांत ८९० युनिट, म्हणजे दरमहा सरासरी १४८ युनिट. सहा बिलांच्या प्रती सोबत आहेत.

माझी मीटरबद्दल तक्रार नाही. तक्रार वाचनाबद्दल आहे.

विनंती: स्थळ तपासणी करून १४,३६२ हे रीडिंग धरून जुलैचे बिल १५६ युनिटचे करावे व टप्प्यांनुसार आकार आणि वीज शुल्क नव्याने काढावे. निर्णय होईपर्यंत विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६(१) च्या परंतुकाप्रमाणे मागील सहा महिन्यांच्या सरासरी आकाराची रक्कम, १,४३० रुपये, हरकत नोंदवून भरून घ्यावी, पुरवठा खंडित करू नये व विलंब आकार लावू नये. लेखी उत्तर द्यावे.

मीटर सदोष नाही हे एका वेगळ्या ओळीत लिहायचं अप्पांनी सुचवलं होतं. कलम ५६ मात्र माझ्या भावाने सांगितलं, तो वकिलाकडे कारकून आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे त्या कलमात आहेच. पण खरा उपयोगाचा भाग परंतुकात आहे. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ग्राहकाने हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. हे माहीत नसतं तर मी एकतर भीतीने पूर्ण बिल भरलं असतं किंवा रागाने काहीच भरलं नसतं.

पत्राच्या दोन प्रती नेल्या. आवक विभागात एक दिली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पैसे भरायच्या खिडकीवर १,४३० रुपये घ्यायला नकार मिळाला. पूर्ण रक्कमच भरावी लागेल, असं उत्तर. मी शिक्का मारलेली प्रत घेऊन वर उपअभियंत्यांकडे गेले. त्यांनी कलम वाचलं, फोटो पाहिले, बिलावरच "अंशतः भरणा घ्यावा" असं लिहून सही केली. ते गृहस्थ चांगले होते. फोटोतला मीटर क्रमांक त्यांनी स्वतः बिलाशी ताडून पाहिला.

२९ जुलैला तपासणीला माणूस आला. रीडिंग १४,४५२. त्याने अहवाल लिहिला, माझी सही घेतली. मी अहवालाचाही फोटो काढून ठेवला. आता प्रश्न मिटला असं मला वाटलं.

पण ऑगस्टचं बिल आलं ते जास्तच गोंधळाचं. जुलैची दुरुस्ती अजून चढलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या संगणकात मागील रीडिंग १४,८६२ च होतं. १२ ऑगस्टला मीटरवर १४,५२७ होतं. मागच्यापेक्षा कमी रीडिंग आल्यावर संगणकाने मीटरच सदोष ठरवला आणि सरासरीने २३८ युनिटचं बिल काढलं. २३८ कुठून आले ते मी शोधून काढलं. मागच्या सहा बिलांची सरासरी घेतली होती आणि त्यात जुलैचे चुकीचे ६५६ सुद्धा होते. वर जुलैची थकबाकी आणि व्याज. चुकीचं रीडिंग स्वतःपुरतं थांबत नाही, पुढच्या सरासरीतही मुरतं, हे तेव्हा दिसलं.

दुसरं पत्र लहान होतं. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक, २९ जुलैचा अहवाल, १२ ऑगस्टचा फोटो आणि एवढंच की सरासरीतून ६५६ वगळल्याशिवाय ती सरासरी धरता येत नाही, आणि मीटर सदोष नसल्याने सरासरी काढायचंच कारण नाही. पंधरा दिवसांत निर्णय न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाईन, असंही लिहिलं. हा मंच प्रत्येक वितरण कंपनीला कायद्यानेच नेमावा लागतो आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल असतो. ऑगस्टचेही १,४३० रुपये त्याच कलमाखाली भरले.

त्यानंतर कार्यालयातून फोन आला. "मॅडम, चूक झाली आहे हे मान्य आहे. पण दुरुस्तीचा प्रस्ताव मंजुरीला वर पाठवावा लागतो, वेळ जातो. तुम्ही हे बिल भरून टाका. मीटर १४,८६२ ला पोचेपर्यंत तुम्हाला शून्य युनिटचंच बिल येईल. शेवटी सारखंच होतं." ऐकायला ते रास्त वाटत होतं आणि घरात मिस्टरही म्हणाले, मिटव आता. पण सारखं होत नाही, हे मी बिलं समोर ठेवून पाहिलं होतं. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यावर सगळ्यांत महाग. युनिट ४ पट झाले होते, पण रक्कम ६ पटीहून जास्त झाली होती, ती या टप्प्यांमुळेच. आज ५०० युनिट वरच्या टप्प्यांच्या दराने विकत घ्यायचे आणि पुढचे तीन महिने शून्य युनिट दाखवायचे, म्हणजे त्या तीन महिन्यांतले स्वस्त १०० युनिट वाया घालवायचे. शिवाय वीज शुल्क आकाराच्या १६ टक्के, तेही फुगलेल्या रकमेवर. मी नम्रपणे सांगितलं की मला समायोजन नको, जुलैचं बिलच नव्याने हवं. त्यांनी कारण विचारलं. मी टप्पे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग ते म्हणाले, "ठीक आहे, प्रस्ताव पाठवतो."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त बिल आलं. जुलै १५६ युनिट, १,५१० रुपये. ऑगस्ट १६५ युनिट, १,६२० रुपये. भरलेले २,८६० वजा जाता २७० रुपये बाकी. व्याज काढून टाकलेलं होतं. मी ते २७० रुपये त्याच दिवशी भरले आणि पावती त्या फाइलमध्ये लावली.

ऑक्टोबरच्या १२ तारखेला रीडिंग घेणारा मुलगा आला तेव्हा मी स्टूल आणि टॉर्च घेऊन खाली गेले. विशीतला मुलगा, एका दिवसात किती इमारती करायच्या हे त्याने सांगितलं तेव्हा मला त्याच्यावर रागावता आलं नाही. स्टूलवर चढून त्याने सरळ फोटो काढला. दोघांनी मिळून आकडा मोठ्याने वाचला: १४,८३६.

पाच दिवसांनी, १७ तारखेला, मुलगा शाळेतून येताना जिन्याखालूनच ओरडला. सासूबाई १ तारीख नसतानाही कॅलेंडरकडे गेल्या आणि १७ ऑक्टोबरच्या चौकटीत लिहिलं: मी. १४८६२.